आठव्या-नवव्या महिन्यात मांडी घालून बसणे आणि इंडियन संडास वापरणे : माहेरच्या बाळंतपणाचा अनुभव

पहिले बाळंतपण माहेरी करायचे आमच्या दोन्ही घरांनी आधीच ठरवले होते. मला डिसेंबर २०२४ च्या पहिल्या पंधरवड्यातील तारीख मिळाली होती, त्यामुळे बत्तिसाव्या आठवड्याच्या सुमारास, म्हणजे ऑक्टोबरच्या मध्यावर, पुण्याहून साताऱ्याजवळच्या आमच्या गावी जायचे होते. प्रवासाची मला फारशी चिंता वाटत नव्हती. चिंता होती ती माहेरच्या घराची. तिथे जेवण जमिनीवर, भाजी निवडणे जमिनीवर, संध्याकाळच्या गप्पाही जमिनीवर, आणि संडास मागच्या अंगणात, तोही इंडियन. पुण्यातील भाड्याच्या घरात चार वर्षे कमोड वापरल्यामुळे उकिडवे बसण्याची सवय मोडली होती, आणि आता तर पोट पुढे आले होते. याबद्दल नेमके कोणाला विचारावे हे न कळल्यामुळे मी काही आठवडे नुसतीच धास्तावलेली होते, म्हणून आता सगळे क्रमाने लिहून ठेवत आहे.

पुण्यातील शेवटच्या तपासणीला, तिसाव्या आठवड्यात, मी डॉक्टरांना थेट विचारले की दिवसातून आठ-दहा वेळा उकिडवे बसावे लागले तर चालेल का. त्यांनी लगेच हो किंवा नाही असे उत्तर दिले नाही. आधी सोनोग्राफीचा अहवाल पुन्हा उघडून वार कुठे आहे ते पाहिले, कारण वार गर्भाशयाच्या तोंडावर किंवा अगदी जवळ असेल तर रक्तस्रावाचा धोका असतो आणि हालचालींबाबतचे सगळे नियम बदलतात. मग आधी कधी रक्त गेले होते का, मुदतीपूर्वी कळा आल्या होत्या का, गर्भाशयाच्या तोंडाला टाका घातलेला आहे का, रक्तदाब कसा राहतो, आणि जांघांच्या मधले पुढचे हाड किंवा कंबर दुखते का, हे विचारले. माझ्या बाबतीत तेव्हा यांपैकी काहीच नव्हते. ते पाहून त्या म्हणाल्या, "तुमच्यासारख्या साध्या गरोदरपणात उकिडवे बसल्याने बाळाला काही होत नाही आणि त्यामुळे बाळंतपण लवकरही होत नाही. बाई पडते ती बसल्यामुळे नव्हे. उठताना तोल गेल्यामुळे किंवा ओल्या फरशीवर पाय घसरल्यामुळे पडते. तेवढी सोय करा." माझी पुढची सगळी तयारी या एका वाक्यावर उभी राहिली. ज्यांच्या तपासणीत वरच्या प्रश्नांपैकी एकाचेही उत्तर 'हो' असेल, त्यांनी माझा अनुभव आपल्याला लागू धरू नये. त्यांनी आपल्या डॉक्टरांना हाच प्रश्न विचारून त्यांच्या सांगण्याप्रमाणे करावे.

तोल का जातो हेही त्यांनी समजावून सांगितले. पोट पुढे आल्यामुळे शरीराचे वजन पुढच्या बाजूला झुकते, गरोदरपणातील संप्रेरकांमुळे कमरेचे सांधे सैल झालेले असतात, आणि खाली बसून एकदम उभे राहिले की रक्त पायांत उतरून क्षणभर डोळ्यांपुढे अंधारी येते. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी घडतात त्या नेमक्या संडासातून उठताना, जिथे जागा अरुंद असते आणि खाली पाणी सांडलेले असते.

मी जाण्यापूर्वी वडिलांनी गावाकडे काम करून घेतले. आमचा संडास स्वच्छ भारत अभियानाच्या बारा हजार रुपयांच्या अनुदानातून बांधलेला आहे. खोली लहान आहे, आणि बसल्यावर दोन्ही बाजूंच्या भिंतींना हात पोहोचतो, हे या कामी उलट सोयीचेच ठरले. सर्वांत आधी त्यांनी दार बदलून घेतले. ते आत उघडत असे. आतली बाई घसरून दाराला टेकून पडली, तर असे दार बाहेरून ढकलूनही उघडत नाही. सुताराने बिजागऱ्या फिरवून ते बाहेर उघडणारे केले आणि त्याचे तीनशे रुपये घेतले. कडी आतून लावायचीच नाही असे ठरले, आणि कोणी आत असल्याची खूण म्हणून दारावर टॉवेल टाकायचा. एवढ्या मोठ्या घरात हे जमेल का अशी मला शंका होती, पण दोन दिवसांत सगळ्यांना सवय झाली.

मग दांडी. स्टीलची दीड फुटाची भक्कम दांडी हार्डवेअरच्या दुकानात साडेपाचशेला मिळाली. ती कुठे बसवायची हे मात्र घाईने ठरवण्यासारखे नव्हते, म्हणून वडिलांनी मी येईपर्यंत भिंतीला भोके पाडू दिली नाहीत. आल्याच्या दुसऱ्या दिवशी, फरशी पूर्ण कोरडी असताना, मी कपड्यांसकट भांड्यावर बसून दाखवले आणि आईने खडूने खुणा केल्या. आपण डाव्या हाताने धुतो, त्यामुळे दांडी उजव्या बाजूला हवी. बसल्यावर ती थोडी पुढे, छातीच्या उंचीला हाताशी यावी, आणि अर्धवट उठल्यावर तोच हात न सोडता वर सरकवता यावा, म्हणून ती आडवी न लावता उभी लावली. गवंड्याने टाइलमागे भरीव वीट आहे ना हे ठोकून पाहिले आणि मगच प्लग ठोकून स्क्रू आवळले. पोकळ वाजणाऱ्या टाइलवर लावलेली दांडी नेमकी जोर दिल्यावर उपटून येते. बसवल्यावर वडिलांनी स्वतः दोन्ही हातांनी लोंबकळून ती तपासली. त्याच वेळी गवंड्याने सांगितलेली एक गोष्ट सगळ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे : नळाला धरून कधी उठू नये. प्लास्टिकचा नळ किंवा पाइप माणसाचे वजन पेलत नाही, आणि दाराची कडी तर मुळीच पेलत नाही.

जेट स्प्रेही त्याच दिवशी लावून घेतला. सुमारे पाचशे रुपये खर्च आला, पण आठव्या महिन्यात मला सर्वांत जास्त उपयोग त्याचाच झाला. टमरेलाने पाणी घेताना उजवा हात टमरेलात आणि डावा धुण्यात गुंततो, म्हणजे तोल सांभाळायला एकही हात उरत नाही, आणि पोटामुळे डावा हात नीट पोहोचतही नाही. जेट असला की धुण्याची वेळ कमी होते. पाण्याची धार मात्र पुढून मागे जाईल अशी धरायची, कारण गरोदरपणात लघवीच्या मार्गाला जंतुसंसर्ग लवकर होतो. ज्यांच्याकडे जेटइतका पाण्याचा दाब नाही, त्यांनी बादली पुढे उजवीकडे, न वाकता हात जाईल इतक्या जवळ ठेवावी आणि धुताना उजवा खांदा भिंतीला टेकवावा.

फरशीवरचे शेवाळ आईने ब्लीचिंग पावडरने घासून काढले. त्या वेळी मला तिकडे फिरकू दिले नाही आणि तेही बरेच झाले, कारण तो वास गरोदर बाईने घेऊ नये. ब्लीचिंग पावडर आणि संडास धुण्याचे ॲसिड कधीही एकत्र वापरू नये, त्यातून विषारी वायू निघतो. रोज संध्याकाळी अंधार पडण्यापूर्वी वायपरने पाणी ओढून फरशी कोरडी केली जाई. आत वापरायला खाचांचा रबरी तळ असलेली वेगळी चप्पल ठेवली, आणि वीज गेली तरी आपोआप चालू राहणारा चार्जिंगचा बल्ब लावला, कारण नवव्या महिन्यात रात्री तीन-तीन वेळा उठावे लागते. अंगणातून जावे लागते म्हणून लघवी रोखून धरणे हा उपाय नव्हे. ज्यांना रात्री बाहेर जाण्याची खरोखरच सोय नाही, त्यांनी खोलीत झाकणाची बादली आणि बळकट स्टूल ठेवण्यात संकोच करू नये.

प्रत्यक्ष बसण्याची पद्धत मला गावच्या आशाताईंनी आणि नंतर उपकेंद्रातील नर्सबाईंनी दाखवली. पाय नेहमीपेक्षा थोडे रुंद ठेवायचे, बोटे किंचित बाहेरच्या बाजूला, म्हणजे पोटाला मांड्यांच्या मधे जागा मिळते. टाचा पूर्ण टेकल्या पाहिजेत. टाचा उचलल्या जात असतील तर सगळे वजन चवड्यांवर येते आणि माणूस पुढे कलंडतो. कपडा आधी नीट गोळा करून घ्यायचा, नंतर एका हाताने दांडी धरून सावकाश खाली जायचे. मी घरात गाऊनच घालत असे, कारण सलवार सांभाळण्यात एक हात अडकतो. उठताना आधी किंचित पुढे झुकून वजन तळपायांवर घ्यायचे, श्वास न कोंडता तोंडाने सोडत कंबर वर उचलायची, अर्ध्यावर थांबून मोकळा हात मांडीवर टेकवायचा आणि मग सरळ व्हायचे. पूर्ण उभे राहिल्यावर दांडी लगेच सोडायची नाही. डोके हलके वाटते का हे दोन-चार श्वास पाहायचे आणि मगच वळायचे.

बद्धकोष्ठ हा या सगळ्यातला दुसरा भाग आहे. गरोदरपणात आतडी मंदावतात आणि लोहाच्या गोळ्यांनी मल आणखी घट्ट होतो. उकिडव्या बैठकीत मलमार्ग सरळ होत असल्यामुळे कुंथावे कमी लागते, हा इंडियन संडासाचा फायदा मला खरोखर जाणवला. पण त्यासाठी फार वेळ बसून राहणे योग्य नाही. पाच-सात मिनिटांत झाले नाही तर उठायचे आणि नंतर पुन्हा जायचे, असे नर्सबाईंनी बजावले होते. जास्त वेळ उकिडवे बसल्याने गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूची शीर दाबली जाऊन पाऊल बधिर होते, आणि बधिर पावलावर उभे राहणे म्हणजे पडणेच. पाऊल बधिर झालेच तर दांडी धरून आधी पाऊल हलवावे, मुंग्या गेल्याशिवाय पाऊल उचलू नये. डॉक्टरांना विचारून मी रात्री इसबगोल आणि भरपूर पाणी घेत होते. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी वेगवेगळ्या वेळी घ्यायची आणि लोहाच्या गोळीच्या आसपास चहा टाळायचा, हेही पाळले.

मांडी घालून बसण्याची खरी परीक्षा दिवाळीत झाली. चौतीस आठवडे पूर्ण झाले होते आणि घरात चकल्या-करंज्यांचे काम जमिनीवर मांडले होते. मला त्यातून बाहेर राहायचे नव्हते. वाकळेची घडी करून सहा इंच उंचीची बैठक केली, पाठ भिंतीला टेकवली आणि करंज्यांचा पोळपाट चौरंगावर ठेवला. बैठक उंच असली की कंबर गुडघ्यांच्या वर राहते, पोट मांड्यांवर दाबले जात नाही आणि पाठीला बाक येत नाही. जेवणाचे ताटही मी चौरंगावरच घेत असे. ताटावर वाकून जेवले की जठर दाबले जाऊन छातीत जळजळे, ती या एका बदलाने बरीच कमी झाली. सुमारे वीस मिनिटांनी मांडी बदलायची, म्हणजे वरचा पाय खाली घ्यायचा, नाहीतर पाय पुढे पसरून घोटे फिरवायचे. संध्याकाळी पावलांना सूज दिसली की त्या दिवशी पुन्हा मांडी घालायची नाही, असा मी माझ्यापुरता नियम केला. मात्र सूज एकाच पायाला आली आणि पोटरी दुखू लागली, किंवा चेहरा व हात एकाएकी सुजले आणि डोके दुखून नजर धूसर झाली, तर ती बसण्याची सूज समजून घरी थांबायचे नाही, दवाखान्यात जायचे.

जमिनीवरून उठण्याची रीत संडासापेक्षा वेगळी आहे. आधी एका कुशीला वळून दोन्ही हात जमिनीवर टेकवायचे, मग गुडघ्यांवर यायचे, एक पाऊल पुढे रोवायचे आणि हाताने लोखंडी कॉट किंवा जड लाकडी स्टूल धरून उठायचे. प्लास्टिकची खुर्ची आधाराला घ्यायची नाही, ती सरकते. कोणी उठवायला आले तर त्यांनी हात ओढू नयेत. शेजारी उभे राहून आपला दंड घट्ट धरायला द्यावा.

त्याच दिवाळीत मावशी म्हणाली, "अगं, मांडी घालू नकोस, बाळाच्या गळ्याला नाळ गुंडाळते," आणि लगेच दुसऱ्या बाजूने आत्या म्हणाली, "उलट उकिडवीच बस, बाळंतपण सुखाने होतं." मी नऊ नोव्हेंबरच्या तपासणीला दोन्ही गोष्टी विचारल्या. नाळ गुंडाळली जाते ती बाळाच्या स्वतःच्या हालचालींमुळे, आईच्या बसण्याशी तिचा संबंध नाही. आणि उकिडवे बसल्याने नैसर्गिक बाळंतपणाची खात्रीही मिळत नाही. मी हे घरी जसेच्या तसे सांगितले, कारण दोघींचे बोलणे माझ्या काळजीपोटीच होते.

ती तपासणी प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाची होती. दर महिन्याच्या नऊ तारखेला सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. पुण्यातून येताना मी माता व बाल संरक्षण कार्ड, सगळ्या सोनोग्राफी, रक्तगटाचा अहवाल, आधार कार्ड आणि बँकेच्या पासबुकाची प्रत एका फाइलमध्ये आणली होती. कार्डावर आरसीएच नोंदणी क्रमांक असल्यामुळे नव्याने नोंदणी करावी लागली नाही. आशाताईंनी तोच क्रमांक उतरवून घेतला. गर्दीमुळे रांगेत अडीच तास गेले. तिथे लघवीचा नमुना द्यायला इंडियन संडासच होता आणि भिंतीला आधार नव्हता. एवढ्या पोटाने उकिडवे बसून लहान तोंडाच्या बाटलीत नमुना धरणे फार कठीण असते. नर्सबाईंनी सांगितल्याप्रमाणे मी अर्धवट उभी राहून, पाठ भिंतीला टेकवून, रुंद तोंडाच्या कपात नमुना घेतला आणि मग तो बाटलीत ओतला. असा एक स्वच्छ कप पिशवीत ठेवावा. पर्स आणि मोबाइल सोबतच्या बाईकडे द्यावा, आणि तिला दाराबाहेरच उभे राहायला सांगावे.

छत्तिसावा आठवडा लागला आणि चित्र बदलले. कुशीवर वळताना, एका पायावर उभे राहून कपडे घालताना, आणि उकिडवे बसून गुडघे फाकवताना जांघांच्या मधल्या हाडात सुरी फिरल्यासारखी कळ येऊ लागली. तपासून डॉक्टर म्हणाले की सांधे सैल होऊन हे होते, बाळाला त्याचा धोका नाही, पण आता मांडी आणि उकिडवे बसणे दोन्ही बंद. त्याच दिवशी साताऱ्यातील मेडिकलच्या दुकानातून संडासाच्या भांड्यावर ठेवायचे कमोड स्टूल चौदाशे रुपयांना आणले. घेताना चारही पायांना रबराचे बूट आहेत ना, आणि ते आपल्या भांड्याच्या दोन्ही बाजूंना सपाट टेकतात ना, हे पाहावे. आमच्याकडे एक पाय भांड्याच्या उतारावर येत होता, म्हणून वडिलांनी फरशीचा तुकडा सिमेंटने बसवून जागा सपाट केली. भिंतीवरची दांडी स्टुलावरून उठतानाही तेवढीच उपयोगी पडली. पाय टेकवायला समोर लहान पाट ठेवला, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा किंचित वर येतात आणि गुडघे न फाकवताही उकिडव्या बैठकीचा थोडा फायदा मिळतो. कपडे पलंगावर बसून घालणे, कुशीवर वळताना दोन्ही गुडघे जुळवून वळणे, आणि कमरेचा पट्टा, एवढ्याने कळ सहन होण्याइतकी कमी झाली.

पडलेच तर काय करायचे, हेही त्या भेटीत विचारून घेतले होते. पोटावर मार बसला असेल तर दुखत नसले तरी दवाखान्यात जाऊन बाळाचे ठोके तपासून घ्यायचे, रक्त किंवा पाणी जाणे, पोट वारंवार कडक होणे, बाळाची हालचाल कमी होणे यांपैकी काही दिसण्याची वाट पाहायची नाही. आईचा रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शनबद्दल ७२ तासांच्या आत निर्णय व्हावा लागतो, म्हणून तो आवर्जून सांगायचा.

नर्सबाईंचे आणखी एक सांगणे मी कधीच विसरणार नाही. नवव्या महिन्यात पोट ठरावीक अंतराने कडक होत असेल आणि त्याच वेळी जोराची शौचाची भावना होत असेल, तर ती शौचाची नसून बाळाचे डोके खाली सरकल्याची असू शकते. अशा वेळी संडासात जाऊन कुंथायचे नाही. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात पहाटे मला अगदी तसेच वाटले. मी दाराकडे निघाले होते. आईने पोटाला हात लावून पाहिला, मला कुशीवर झोपवले आणि १०२ ला फोन केला. गाडी अर्ध्या तासात आली. रुग्णालयात पोहोचलो तेव्हा गर्भाशयाचे तोंड आठ सेंटिमीटर उघडले होते, आणि दुपारच्या आत मुलगी झाली.

टाके पडल्यामुळे घरी आल्यावरही कमोड स्टूलच वापरले. टाके दुखत असताना उकिडवे बसू नये आणि कुंथू नये असे सांगितले होते, म्हणून इसबगोल चालूच ठेवले. बसताना टाक्यांवर ताण येऊ नये यासाठी स्वच्छ मऊ पॅड पुढून मागे हलकेच दाबून धरण्याची युक्ती तिथल्या आयाबाईंनी शिकवली, तिचा फार उपयोग झाला. जांघांतील कळ चौथ्या आठवड्यापर्यंत बरीच ओसरली. सहाव्या आठवड्याच्या तपासणीत टाके भरल्याचे डॉक्टरांनी पाहिल्यावर मी दांडी धरून पुन्हा इंडियन संडास वापरायला लागले, आणि बाळाला पाजण्यासाठी मांडी घालायलाही. मात्र बैठक उंच आणि पाठ भिंतीला, ही सवय कायम ठेवली आहे.